‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न ओपीडीच्या फॉर्मवरून काढून टाका

सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत भिंतीला एक पेटी लटकवलेली असते. शेजारी दोरीला बांधलेलं पेन, त्यातली शाई बहुतेक वेळा संपलेली, आणि ‘रुग्ण अभिप्राय’ असं वर छापलेले कागद. त्यावरचे प्रश्न आता आम्हाला तोंडपाठ झाले आहेत. डॉक्टर व कर्मचारी यांची वागणूक कशी वाटली? स्वच्छता कशी वाटली? एकंदर सेवेबाबत आपण समाधानी आहात काय? उत्तराला पाच चौकोन, ‘अत्यंत असमाधानी’पासून ‘अत्यंत समाधानी’पर्यंत. महिनाअखेरीस कोणीतरी बेरीज मारतो, भागाकार करतो आणि समजा ४.१ असा आकडा फायलीत जातो.

आमचा साधा सवाल आहे. पुढच्या महिन्यात हा ४.१ चा ३.८ झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातल्या कोणी नेमकं काय वेगळं करायचं? केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने? फार्मासिस्टने? डॉक्टरने? आकडा काहीच सांगत नाही. ज्या प्रश्नाच्या वाईट उत्तरावर कोणालाच काही करता येत नाही, तो प्रश्न रुग्णासाठी विचारलेला नसतो, फायलीसाठी विचारलेला असतो.

हे आपल्या मुलांना का सांगायचं? कारण आपल्यातले कित्येक जण रुग्णसेवेचं काम करतात. परळच्या एवढ्याशा भागात महापालिकेचं केईएम (१९२६), लहान मुलांचं वाडिया (१९२९) आणि टाटा मेमोरियल (१९४१) उभी आहेत. गावाकडून आलेल्या माणसाला केसपेपर काढून देणं, रक्ताची सोय लावणं, धर्मशाळेत जागा मिळवून देणं ही कामं आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले. आता संस्था, कॉलेजं आणि रुग्णालयाच्या समित्या आपल्यालाच बोलावतात आणि म्हणतात, सर्वेक्षण करून द्या. हातात तोच पाच चौकोनांचा कागद ठेवतात. तो कागद आपण मुकाट्याने भरून घ्यायचा नाही, आधी तो बदलायचा, एवढं आमचं म्हणणं आहे.

समाधान हा मापदंड गरिबाच्या विरोधात काम करतो, हे आधी नीट समजून घेऊ. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक विसंगती दाखवली होती. लोकांना त्यांच्या आजारपणाबद्दल विचारलं, तर सगळ्यात जास्त आजार केरळचे लोक सांगतात आणि बिहारचे लोक फार कमी सांगतात. प्रत्यक्षात आयुर्मान केरळात जास्त. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस आपलं दुखणं ओळखतो आणि बोलतो. ज्याला कधी काही मिळालंच नाही, तो दुखण्यालाच नशीब समजतो. ओपीडीच्या रांगेतही हेच घडतं. पहाटे कर्जतहून निघालेल्या, चार तास उभ्या राहिलेल्या बाईला ‘सेवा कशी वाटली?’ विचारा. ती म्हणते, “चांगलं आहे की. फुकट औषध मिळतंय, डॉक्टर देवमाणूस आहेत.” ती खोटं बोलत नाही. तिने अपेक्षाच तेवढी ठेवलेली असते. शिवाय पुढच्या महिन्यात तिला याच खिडकीवर यायचं असतं, हेही ती विसरत नाही. त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त त्रास, तिथेच समाधानाचा आकडा चांगला, असा प्रकार होऊ शकतो.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं. रुग्णालयातून गेल्यावर मोबाइलवर संदेश किंवा फोन येतो आणि समाधानी आहात की नाही हे विचारलं जातं. नसाल, तर कारण निवडायचं: कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा वगैरे. पेटीपेक्षा हे बरं, कारण फोन घरी येतो आणि समोर कर्मचारी उभा नसतो. पण आपल्या वस्त्यांत केसपेपरवर बाईच्या नावापुढे नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. उत्तर कोण देतो मग? आणि ‘वागणूक’ हे कारण निवडलं, तर कोणाची वागणूक, कुठल्या खिडकीवर, कुठल्या दिवशी, हे कसं कळणार? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेलाही हा धडा घ्यावा लागला. २०१३ पासून ते रुग्णांना विचारत, ‘हे रुग्णालय तुम्ही मित्र-नातेवाइकांना सुचवाल का?’ २०२० मध्ये त्यांनी तो प्रश्न सोडला. आता अनुभव कसा होता हे विचारतात आणि त्याच्या जोडीला आणखी चांगलं काय करता आलं असतं, हे रुग्णाच्या शब्दांत लिहून घेण्यावर भर देतात.

मग काय विचारायचं? आमच्या मते प्रश्न लिहिण्याआधी कागदाच्या उजव्या बाजूला एक रकाना काढावा: ‘उत्तर वाईट आलं तर कोण, काय बदलेल?’ हा रकाना छापायचा नाही, तो फक्त प्रश्न तयार करणाऱ्यांसाठी. रकाना भरता आला नाही तर प्रश्न खोडायचा. ‘स्वच्छता कशी वाटली?’ इथेच मरतो. ‘आज तुम्ही इथला संडास वापरलात का? कुठल्या मजल्यावरचा? पाणी होतं का? आतून कडी लागत होती का?’ हा जगतो. कारण तुटलेली कडी ही एका मजल्याची, एका सुताराची, एका दिवसाची गोष्ट आहे. आणि ‘वापरला नाही’ म्हणणाऱ्या बाईला ‘का?’ विचारलं की कळतं, रांगेतला नंबर जाईल म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायलेली नसते.

हे सविस्तर दाखवण्यासाठी आम्ही एकच प्रश्न घेतो, कारण आमच्या अनुभवात गरिबाचं सगळ्यात मोठं नुकसान त्यात दडलेलं असतं: ‘आज ज्या कामासाठी आलात, त्याच कामासाठी पुन्हा यावं लागणार आहे का? का?’

नेहमीचा फॉर्म ‘प्रतीक्षा कालावधी’ विचारतो. थांबण्याचा त्रास खराच आहे. पण घरकाम करणाऱ्या बाईचा आजचा खाडा तर ती रुग्णालयात आली तेव्हाच पडलेला असतो. तिला मोडतो तो दुसरा खाडा. तो का पडतो, याची कारणं मोजकी आहेत: तपासणीची वेळ संपली, आज त्या युनिटची ओपीडी नव्हती, रिपोर्ट मिळाला नाही, औषध शिल्लक नव्हतं, किंवा एखादा कागद कमी पडला. फॉर्मवर हीच कारणं छापायची आणि शेवटी ‘दुसरं काही’साठी एक ओळ सोडायची.

आता समजा, मधुमेहाच्या ओपीडीबाहेर आपण एका आठवड्यात ४० जणांना विचारलं. १४ जण म्हणाले, पुन्हा यावं लागेल. त्यातल्या ९ जणांचं कारण एकच: ‘रक्त द्यायला उद्या सकाळी उपाशीपोटी या.’ कागदावर आपण प्रत्येकाच्या दोन वेळाही लिहून घेतल्या आहेत, डॉक्टरांकडून बाहेर पडल्याची आणि रक्ताच्या खिडकीवर पोहोचल्याची. त्यांवरून दिसतं की रक्त घेणं साडेदहाला बंद होतं आणि डॉक्टरांच्या खोलीतून बहुतेक जण अकरानंतर बाहेर पडतात. म्हणजे त्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला त्याच दिवशी रक्त देता येणं जवळपास अशक्य आहे. यात कोणी उद्धट नाही, कोणी कामचुकार नाही. समाधानाचे पाच चौकोन हे कधीच दाखवणार नव्हते.

उपायही त्या उत्तरातच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. जुन्या रुग्णाला पुढची तारीख देतानाच तपासणीची चिठ्ठी हातात द्यायची. त्या दिवशी तो उपाशीपोटी येईल, आधी रक्त देईल आणि मग डॉक्टरांच्या रांगेत बसेल. दुसरी गोष्ट, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या ‘एचबीए१सी’ तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. ते रक्त दुपारीही घेता येतं. सगळ्यांनाच सरसकट ‘सकाळी उपाशी या’ सांगण्याची सवय असेल, तर ती कुठे मोडता येईल हे डॉक्टर आणि प्रयोगशाळा मिळून ठरवू शकतात. महिन्याने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. ९ चे ३ झाले तर बदल लागू पडला. ९ चे ९च राहिले, तर चिठ्ठ्या दिल्या जात नाहीत किंवा प्रयोगशाळा त्या घेत नाही. मग पुढचा प्रश्न त्या दोन ठिकाणी.

कोणी म्हणेल, ४० लोकांवरून काय सिद्ध होतं? शहराबद्दल काहीच नाही. ‘मुंबईत इतके टक्के रुग्ण’ असं या आकड्यावरून कोणी बोलू लागला तर त्याला थांबवा. पण नळ गळतो की नाही हे पाहायला अख्ख्या मुंबईचं पाणी मोजावं लागत नाही. एकाच खिडकीवर एकाच कारणाने ९ माणसं परत गेली, एवढं त्या खिडकीपुरतं बोलायला पुरेसं आहे.

औषधांच्या प्रश्नाचंही असंच. ‘औषधे उपलब्ध झाली काय?’ याला लोक ‘हो’ म्हणतात, कारण पाचातली तीन मिळालेली असतात. त्याऐवजी केसपेपर हातात घेऊन विचारायचं: किती औषधं लिहिली, खिडकीवर किती मिळाली, बाहेरून कुठली आणायला सांगितली? न मिळालेल्या औषधाचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. ‘औषधटंचाई’ हा शब्द निवेदनात शोभतो, भांडारपालाला मात्र नाव लागतं. मग आणखी एक प्रश्न: बाहेरचं औषध तुम्ही घेणार आहात का? ‘पगार झाल्यावर बघू’ हे उत्तर आलं की डॉक्टरांनी लिहिलेला उपचार त्या घरापुरता अर्धाच झाला, हे डॉक्टरांना कळायला हवं.

‘डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले काय?’ हा तर पूर्ण वाया गेलेला प्रश्न आहे. हो म्हणणं ही रीत आहे. त्याऐवजी विचारा, “ताई, ही गोळी कधी घ्यायची?” आणि उत्तर केसपेपरशी ताडून पाहा. चुकलं तर आपण डॉक्टरकी करायची नाही, बाईंना खिडकीवर परत नेऊन फार्मासिस्टकडून सांगून घ्यायचं. आठवडाभरात पाच-सहा जण त्याच गोळीवर चुकले, तर गोळीच्या पाकिटावर सूर्य-चंद्राची खूण करण्याची मागणी लेखी देता येते.

आता वागणुकीचा मुद्दा. इथे आपल्या समाजाचा जुना हिशेब आहे आणि म्हणूनच प्रश्न नेमका हवा. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. ती त्या शिक्षकाच्या पत्राच्या रूपाने १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आली होती. बाळंतपणानंतर शिक्षकाची बायको आजारी पडली. डॉक्टर घरात शिरायला तयार नव्हता. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. ती बाई वाचली नाही. या हकिगतीची ताकद कशात आहे? ‘डॉक्टरची वागणूक असमाधानकारक होती’ असं त्यात कुठे नाही. थर्मामीटर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, एवढंच आहे. आणि त्यातून सगळं कळतं.

संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानच्या काही गावांत दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनीही ‘भेदभाव होतो का?’ एवढ्यावर काम भागवलं नाही. तपासताना स्पर्श केला का, औषध हातात दिलं का, किती वेळ दिला, बोलण्याची भाषा कशी होती, अशा घडलेल्या गोष्टी त्यांनी विचारल्या.

मुंबईच्या ओपीडीसाठी आम्ही असे तीन प्रश्न सुचवतो. तपासताना डॉक्टरांनी हात लावून किंवा स्टेथोस्कोप लावून तपासलं का? तपासताना पडदा ओढला होता का, की खोलीत दुसरे रुग्ण बघत होते? तुम्हाला कोणी नाव किंवा ‘ताई’, ‘काका’ सोडून दुसऱ्या कशाने हाक मारली का. मारली असेल तर कुठे, काय म्हणून? पहिल्या प्रश्नाबाबत सावध राहायला हवं. प्रत्येक आजारात हात लावून तपासायची गरज नसते. फक्त रिपोर्ट दाखवायला आलेला माणूस ‘नाही’ म्हणेल आणि त्यात जात शोधणं चुकीचं ठरेल. म्हणून आधी ‘कशासाठी आलात?’ हे लिहायचं आणि पहिल्यांदा आलेल्यांची उत्तरं वेगळी काढायची. पडद्याचा प्रश्न मात्र सरळ आहे. पडदा नसेल तर पडदा लावायचा.

इथे आमच्याच काही साथींशी आमचा मतभेद आहे. ते म्हणतात, फॉर्मवर जातीचा रकाना हवाच, नाहीतर भेदभाव दिसणार कसा? जात मोजल्याशिवाय जातीचा अन्याय दिसत नाही, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण रुग्णालयाच्या स्वतःच्या फॉर्मवर हा रकाना आम्हाला नको. तो कागद त्याच खिडकीमागे जातो जिथे रुग्णाला पुन्हा उभं राहायचं आहे. एका ओपीडीत एका दिवशी आपल्या समाजाच्या चारच बायका असतील, तर नाव न लिहिताही कोण बोललं ते कर्मचाऱ्यांना कळतं. शिवाय चार उत्तरांवरून तुलनाही होत नाही. जात आणि स्पर्श यांचा संबंध तपासायला शेकडो उत्तरं लागतात, आजार आणि भेटीचं कारण सारखं असलेली. ते काम संघटनेने स्वतंत्रपणे, रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, संमती घेऊन, सगळ्या जातींच्या रुग्णांना तेच प्रश्न विचारून करावं. कागद आपल्याकडेच ठेवावेत. दोन्ही कामं एका फॉर्मवर करायला गेलं की रुग्ण अडचणीत येतो आणि पुरावाही कच्चा राहतो.

विचारायचं कुठे, यावरही उत्तर बदलतं. डॉक्टरांच्या दारात विचारलं तर सगळं छान. औषधाच्या खिडकीवर विचारलं तर तिथवर पोहोचलेलेच लोक भेटतात. नंबर संपल्याने किंवा कंटाळून निघून गेलेले कधीच मोजले जात नाहीत. म्हणून बाहेर पडण्याच्या फाटकावर उभं राहायचं आणि दर दहावा माणूस थांबवायचा, चेहरा बघून निवडायचा नाही. दहावा माणूस घाईत असेल, नको म्हणाला, तर तेही लिहायचं. विचारणाऱ्याच्या अंगावर ॲप्रन नको. प्रश्न वाचून दाखवायचे, मराठीत आणि हिंदीत, सहाच्या वर नाहीत. समोरच्याची लोकल चुकवण्याचा आपल्याला अधिकार नाही. छापण्याआधी दहा जणांवर करून बघायचं. एका ठिकाणी ‘ओपीडीत सुविधा मिळाली का?’ असं विचारल्यावर एका आजोबांनी आम्हाला सांगितलं, “नाही, आम्ही जनरललाच असतो.” ‘सुविधा’ म्हणजे पैसे भरून मिळणारी खोली, असं त्यांना वाटलं होतं.

रुग्णालयाने स्वतः भरून घेतलेले फॉर्म तुमच्यासमोर आले, तर ते खरे आहेत का हे ओळखता येतं. मानांकनाची तपासणी जवळ आली की फॉर्मांचा गठ्ठा अचानक वाढतो. सगळे एकाच पेनाने, एकाच वळणाने टिक केलेले असतात. सगळ्यात गर्दीच्या वाराचा एकही फॉर्म नसतो. ‘सूचना’च्या ओळीत सगळीकडे ‘छान’. असा गठ्ठा मिळाला तर त्यावर निबंध लिहीत बसू नका, तो बाजूला ठेवा.

आणि शेवटचं काम कागदाच्या बाहेरचं. उत्तरं महिनाभर साठवायची नाहीत. दर आठवड्याला सगळ्यात जास्त वेळा आलेली एकच गोष्ट उचलायची, ती कोणाच्या अखत्यारीत आहे ते ठरवायचं आणि त्या माणसाला लेखी द्यायची: ओपीडीची सिस्टर इनचार्ज, भांडारपाल, वैद्यकीय अधीक्षक किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असेल तर अधिष्ठाता. पोच घ्यायची. काय ठरलं ते ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला सांगायचं: रुग्णांनी काय सांगितलं, कोणी काय केलं, कुठल्या तारखेपासून. काही झालं नाही, तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, उत्तराची मुदत ३० दिवस. त्या अर्जात ‘रुग्णांचे समाधान किती टक्के?’ असं विचारू नका. विचारा: अमुक तारखेच्या आमच्या पत्रावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणती कार्यवाही केली, आणि गेल्या सहा महिन्यांत अभिप्राय पेटी कोणत्या तारखांना उघडण्यात आली, त्या नोंदीची प्रत द्यावी.